वक्राचा बाक आणि वावराची खोली

एनसीईआरटीच्या बारावीच्या सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात एक छोटा तक्ता आहे. त्यात मका आणि कापूस अशी दोन पिके आहेत. मका शून्य असेल तर कापूस 10. मका 1 केला तर कापूस 9, मका 2 तर कापूस 7, मका 3 तर कापूस 4, आणि मका 4 वर नेला की कापूस शून्य. हे पाच बिंदू आलेखावर मांडून जोडले की बाहेरच्या बाजूला फुगलेली एक रेषा तयार होते. तिलाच उत्पादन शक्यता वक्र म्हणतात.

अमरावती-अकोल्याच्या एखाद्या वर्गात हा तक्ता फळ्यावर येतो, तेव्हा समोरच्या बाकांवरच्या कितीतरी मुलांच्या घरी कापूस पिकत असतो. तरीही तक्त्यातला कापूस आणि घरचा कापूस यांची गाठ सहसा पडत नाही. मक्याच्या पहिल्या नगासाठी 1 नग कापूस सोडावा लागला, दुसऱ्यासाठी 2, तिसऱ्यासाठी 3, चौथ्यासाठी 4. मुले हे आकडे वजाबाकी करून काढतात, त्याखाली ‘वाढत्या संधी खर्चाचा नियम’ असे लिहितात आणि पान उलटतात. त्याग 1, 2, 3, 4 असा वाढत का गेला, चारही वेळा सारखाच का राहिला नाही, हा प्रश्न तसाच राहतो. तक्त्यात त्याचे उत्तर नाही, कारण तक्त्यात जमीन दिसत नाही. वऱ्हाडात ती दिसते. या पुस्तिकेची मांडणी त्याच जमिनीवरून केली आहे.

अकोल्याहून अकोटकडे निघाले की गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडावी लागते. दोन्ही काठांना पसरलेली जमीन काळी, चिकण आणि खोल आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हाच पट्टा पुढे दर्यापूर, भातकुलीकडे जातो आणि खाली खारे पाणी असल्यामुळे त्याला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, म्हणून इथली शेती मुख्यतः पावसावर आणि मातीत मुरलेल्या ओलीवर उभी असते. आता त्याच अकोल्याहून दक्षिणेला पातूर किंवा बार्शीटाकळीच्या दिशेने जावे. जमीन चढू लागते, रंग काळ्याचा भुरा होतो आणि डोंगरउतारावर कुदळीचे थोडे घाव घातले की मुरूम लागतो. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर आणि चांदूर रेल्वेच्या उंचवट्याच्या भागातही अशी हलकी जमीन भेटते.

वक्राचा बाक या दोन जमिनींतल्या फरकातून येतो. कोरडवाहू कापसाला पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत पाच-सहा महिने लागतात. जूनमध्ये लावलेली पऱ्हाटी पाऊस थांबल्यावरही उभी असते आणि बोंडे भरतात ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. खोल काळ्या मातीत ही ओल दिवाळीनंतरही टिकते; वीतभर मातीखाली मुरूम असेल तर पावसाने पाठ फिरवताच काही दिवसांत झाड कोमेजते. सोयाबीनचे तसे नाही. ते साधारण शंभर दिवसांत, पाऊस सरता सरता, सोंगणीला येते. त्यामुळे हलक्या जमिनीत ते कमी का होईना, पण पदरात पडते. उलट खोल चिकण जमिनीत पाणी साचून राहिले की सोयाबीन पिवळे पडते आणि उतारा घटतो. एका पिकाला जी खोली मानवते ती दुसऱ्याला तेवढी मानवत नाही. दोन्ही पिकांना सगळी जमीन सारखीच मानवली असती तर वक्र सरळ रेषेत उतरला असता.

हे आकड्यांत बघण्यासाठी एक गाव कल्पनेत घेऊ. आकडे गणितासाठी सोपे केलेले आहेत, जमिनींचा क्रम मात्र वऱ्हाडातलाच आहे. गावात 400 एकर वावर आहे आणि त्याचे 100-100 एकरांचे चार पट्टे पडतात. नदीकाठच्या भारी पट्ट्यात एकरी 10 क्विंटल कापूस किंवा 5 क्विंटल सोयाबीन होते. त्याच्या वरच्या, पाण्याचा निचरा बरा असलेल्या पट्ट्यात 8 क्विंटल कापूस किंवा 8 क्विंटल सोयाबीन. मध्यम जमिनीत 5 क्विंटल कापूस किंवा साडेसात क्विंटल सोयाबीन. टेकडीखालच्या हलक्या जमिनीत 2 क्विंटल कापूस किंवा 5 क्विंटल सोयाबीन.

आता प्रत्येक पट्ट्याला एकच प्रश्न विचारायचा: इथे 1 क्विंटल कापूस घ्यायचा तर किती सोयाबीन सोडावे लागेल? नदीकाठी 10 क्विंटल कापसासाठी 5 क्विंटल सोयाबीन जाते, म्हणजे क्विंटलमागे अर्धा क्विंटल. दुसऱ्या पट्ट्यात 1 क्विंटल, तिसऱ्यात दीड, हलक्या जमिनीत अडीच. हाच कापसाचा संधी खर्च. तो रुपयांत नसून सोडलेल्या सोयाबीनच्या क्विंटलांत आहे. ज्या पट्ट्यात कापूस सर्वांत जास्त पिकतो तो आधी निवडायचा नाही. एका क्विंटलमागे सोयाबीनचा त्याग जिथे सर्वांत कमी, तो आधी निवडायचा. या गावात दोन्ही क्रम योगायोगाने एकच आले आहेत, पण ते तसे येतीलच असे नाही.

सगळे गाव सोयाबीन पेरते तेव्हा 2,550 क्विंटल सोयाबीन आणि शून्य कापूस मिळतो. हा बिंदू ‘अ’. नदीकाठ कापसाखाली आणला की कापूस 1,000 आणि सोयाबीन 2,050, हा ‘ब’. दुसरा पट्टाही कापसाला दिला की कापूस 1,800, सोयाबीन 1,250, हा ‘क’. तिसराही दिला की 2,300 आणि 500, हा ‘ड’. शेवटी हलकी जमीनही कापसाखाली गेली की कापूस 2,500 आणि सोयाबीन शून्य, हा ‘इ’. आडव्या अक्षावर कापूस आणि उभ्या अक्षावर सोयाबीन घेऊन हे पाच बिंदू जोडावेत. ‘अ’पासून रेषा आधी अलगद उतरते, मग जास्त, आणि शेवटी जवळजवळ कड्यासारखी कोसळते. ‘आरंभबिंदूशी अंतर्वक्र’ हा शब्दप्रयोग नेमका याच आकाराचे वर्णन करतो.

पट्टे चारच आहेत म्हणून आपल्या रेषेला तीन कोपरे आहेत. खऱ्या गावात धुऱ्यागणिक जमीन बदलते. एकाच वावरात एक कोपरा चिबड असतो आणि दुसरा बरड. असे शेकडो तुकडे त्यागाच्या क्रमाने लावले की कोपरे झिजतात आणि पुस्तकातला गुळगुळीत वक्र तयार होतो.

आता पट्टी हातात घेऊन हा वक्र कसा वाचायचा ते पाहू. विद्यार्थ्याला ‘ब’ आणि ‘क’ यांच्या मधला एखादा बिंदू दिला आणि तिथला कापसाचा संधी खर्च विचारला, तर पट्टी त्या बिंदूपाशी वक्राला टेकवून ठेवायची आणि तिचा उतार मोजायचा. पट्टी आडवी 100 क्विंटल सरकली तेव्हा किती क्विंटल खाली आली? उत्तर 100. म्हणजे क्विंटलमागे 1. वक्र वाचताना चुका होतात त्या इथेच, आणि नेहमीच्या चुका तीन आहेत.

पहिली चूक सरासरीची. ‘क’ बिंदूवर गाव 1,800 क्विंटल कापूस घेत आहे आणि त्यासाठी सुरुवातीपासून 1,300 क्विंटल सोयाबीन सोडले आहे. भागाकार केला की 0.72 येतो आणि विद्यार्थी तोच संधी खर्च म्हणून लिहितो. पण 0.72 हा झालेल्या सगळ्या वाटचालीचा हिशेब आहे. पुढचा क्विंटल हवा असेल तर तो तिसऱ्या पट्ट्यातून येणार आणि त्याला दीड क्विंटल सोयाबीन लागणार. निर्णय पुढच्या क्विंटलाचा असतो, म्हणून वाचायचा तो दीड. 0.72 वर विसंबून ‘कापूस अजून स्वस्तच पडतो आहे’ असे म्हणणारा कास्तकार तिसऱ्या पट्ट्यात दुप्पट त्याग करून बसेल.

दुसरी चूक उंचीची. काही मुले ‘ड’ बिंदूवर उरलेले 500 क्विंटल सोयाबीन बघून त्यालाच संधी खर्च म्हणतात. बिंदूची उंची सांगते हातात काय उरले ते, आणि त्याग तर हातातून गेलेल्याचा असतो. एका बिंदूच्या उंचीवरून तो कधीच दिसत नाही. त्यासाठी दोन उंचींतला फरक लागतो, किंवा त्या जागेचा उतार.

तिसरी चूक अक्षांची. उतार अर्धा असेल तर कापसाच्या क्विंटलाला अर्धा क्विंटल सोयाबीन लागते, पण सोयाबीनच्या क्विंटलाला 2 क्विंटल कापूस लागतो. प्रश्न कोणत्या पिकाच्या संधी खर्चाचा आहे ते न पाहता उतार तसाच लिहिला की उत्तर नेमके उलटे होते. ताळा सोपा आहे. दोन पिकांचे संधी खर्च एकमेकांशी गुणले की गुणाकार 1 आला पाहिजे. अर्धा गुणिले दोन म्हणजे एक. याच ताळ्यातून आणखी एक गोष्ट उघड होते. बाहेर फुगलेल्या वक्रावर कोणत्याही दिशेने गेले तरी ज्या पिकाकडे आपण सरकतो तेच महाग होत जाते. ‘इ’पासून उलट निघून सोयाबीन वाढवू लागलो तर पहिले सोयाबीन हलक्या जमिनीतून, क्विंटलमागे 0.4 क्विंटल कापूस सोडून मिळते आणि शेवटचे नदीकाठावरून, 2 क्विंटल कापूस सोडून.

क्रम चुकला तर काय होते तेही याच गावात दिसते. समजा गावाने कापसाची सुरुवात नदीकाठाऐवजी हलक्या जमिनीपासून केली. सोयाबीन 2,050 क्विंटलच राहते, म्हणजे ‘ब’ बिंदूइतकेच, पण कापूस 1,000 ऐवजी 200 क्विंटल येतो. मेहनत तेवढीच, एकर तेवढेच, आणि 800 क्विंटल कापूस वाऱ्यावर गेला. आलेखावर हा बिंदू वक्राच्या बराच आत पडतो. वर्गात आतल्या बिंदूचे कारण बहुधा ‘साधने पूर्ण वापरली नाहीत’ असे सांगितले जाते आणि मुलांना वाटते, कुठेतरी जमीन पडीक असेल. इथे एक एकरही पडीक नाही. पीक चुकीच्या मातीत गेले, एवढेच. आत पडलेल्या बिंदूवर संधी खर्च वाचण्यातही अर्थ नसतो, कारण तिथून पिकांची अदलाबदल करून सोयाबीन न सोडताही जास्त कापूस मिळू शकतो.

बाहेर फुगलेल्या वक्राची ही समजूत जुनी आहे. संधी खर्चाची कल्पना ऑस्ट्रियाचे अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख फॉन वीझर यांनी मांडली. पुढे 1930च्या दशकात गॉटफ्रीड हाबर्लर यांनी ती दोन मालांच्या वक्रावर बसवून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सिद्धांतात वापरली. पॉल सॅम्युएलसन यांच्या 1948च्या पाठ्यपुस्तकाने तोफा आणि लोणी यांच्या उदाहरणाने हा वक्र जगभरच्या वर्गांत नेला. तोफा आणि लोण्याच्या जागी कापूस आणि सोयाबीन आले तरी वाकण्याचे कारण बदलत नाही: साधने एकसारखी नसतात आणि प्रत्येक साधन दोन्ही कामांना सारखेच उपयोगी पडत नाही.

पण वक्र कुठे उभे राहायचे ते सांगत नाही. त्यासाठी भाव लागतो. 2024-25 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता आणि सोयाबीनचा 4,892 रुपये. भागाकार केला तर 1 क्विंटल कापसात सुमारे 1.54 क्विंटल सोयाबीनची किंमत येते. हा आकडा चार पट्ट्यांच्या त्यागाशेजारी ठेवावा. अर्धा आणि एक हे 1.54 पेक्षा बरेच कमी आहेत, म्हणून नदीकाठ आणि दुसरा पट्टा बिनदिक्कत कापसाला जातो. अडीच बराच जास्त आहे, म्हणून हलक्या जमिनीत सोयाबीन. तिसऱ्या पट्ट्यात त्याग दीडचा आहे. 7,521 रुपयांच्या कापसासाठी 7,338 रुपयांचे सोयाबीन सोडायचे, हाती जास्तीचे 183 रुपये. कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी-मळणी, फवारण्या यांच्या खर्चातला थोडासा फरकही या 183 रुपयांना सहज गिळू शकतो. मध्यम जमिनीच्या वावरात यंदा कापूस, पुढच्या साली सोयाबीन, परत कापूस अशी चलबिचल का होते याचे उत्तर या छोट्या फरकात आहे. भारी आणि हलक्या टोकांच्या जमिनींवर भावाच्या लहान हेलकाव्यांचा परिणाम होत नाही.

भाव बदलला तर काय हलते आणि काय हलत नाही, हे वऱ्हाडाच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचा भाव चढला. 1867 पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस बंदराला जोडला गेला. जमिनीची ताकद या काळात वाढलेली नव्हती. वक्र जागच्या जागी होता. वाढला तो कापसाचा भाव, आणि गावे ज्वारीच्या टोकाकडून कापसाच्या टोकाकडे सरकली. सरकताना कापसाखाली जाणारी पुढची जमीन आधीच्यापेक्षा कमी सोयीची असणे आणि तिच्यातून कापसाच्या प्रत्येक क्विंटलामागे सुटणारी ज्वारी जास्त असणे, हेच वक्राचा बाक सांगतो. ज्वारीबरोबर कडबाही जातो, म्हणजे बैलाची वैरण.

2017 ची गोष्ट वेगळी होती. त्या वर्षी शेंदरी बोंडअळीने विदर्भात कापसाचे मोठे नुकसान केले. आपल्या गावात अशा अळीने चारही पट्ट्यांत निम्मा कापूस खाल्ला असे धरू. अळी आली तेव्हा पऱ्हाटी उभी होती, निवड जूनमध्येच होऊन गेली होती. म्हणून त्या वर्षापुरते म्हणायचे तर गावाचा बिंदू वक्राच्या आत घसरला. पण पुढच्या पेरणीला कास्तकार असेच नुकसान गृहीत धरू लागला की वक्रच बदलतो. सोयाबीनच्या अक्षावर तो 2,550 लाच टेकतो, कापसाच्या अक्षावर मात्र 2,500 ऐवजी 1,250 वर येतो. रेषा वरच्या टोकाला खिळा ठोकून आत फिरवल्यासारखी फिरते. उतार दुप्पट होतात: 1, 2, 3 आणि 5. तोच 1.54 चा भाव आता फक्त नदीकाठाला परवडतो. सोयाबीनला काहीही झालेले नसताना कापसाचा संधी खर्च दुप्पट झाला.

या आकृतीच्या मर्यादाही वऱ्हाडातच नीट कळतात. पहिली मर्यादा तुरीची. इथे कापसात किंवा सोयाबीनमध्ये तुरीची तासे टाकण्याची रीत आहे, आणि दोन अक्षांच्या कागदावर तिसऱ्या पिकाला जागा नाही. दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. सोयाबीन निघाल्यावर वावर मोकळे होते आणि जमिनीत ओल असेल तर तिथे हरभरा पेरता येतो. कापूस मात्र तेव्हा वेचणीत असतो. म्हणजे नदीकाठी 10 क्विंटल कापसासाठी 5 क्विंटल सोयाबीन आणि वर हरभराही सोडलेला असतो. ही ओल फक्त खोल जमिनीत टिकते, म्हणून हरभऱ्याचा हा जास्तीचा त्यागही नेमका त्याच पट्ट्यात पडतो जिथे कापूस आपल्याला सर्वांत स्वस्त वाटला होता. हरभरा किती होतो यावर पट्ट्यांचा क्रमही बदलू शकतो. एका हंगामाऐवजी अख्खे वर्ष मोजले की वक्राचा बाक कमी होऊ शकतो. संधी खर्च म्हणजे सोडलेला सर्वांत चांगला पर्याय. तो पर्याय पूर्ण मोजला की नाही, हे आलेख स्वतः सांगत नाही.

पुढच्या प्रकरणांची सुरुवात म्हणूनच एका तक्त्याने होते, जो वर्गात भरायचा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरून एका वावराचे तीन आकडे आणायचे: एकर किती, कापूस पेरला तेव्हा एकरी किती झाला, सोयाबीन पेरले तेव्हा एकरी किती झाले. जमल्यास धुऱ्याजवळ हातभर खणून मुरूम किती खाली लागतो तेही लिहायचे. फळ्यावर प्रत्येक वावरासाठी सोयाबीनला कापसाने भागायचे आणि लहान भागाकारापासून मोठ्याकडे अशी वावरे लावायची. मग ‘अ’ बिंदूपासून एकेक वावर कापसाकडे नेत रेषा काढायची. रेषा मध्येच आतल्या बाजूला दबली तर दोनच गोष्टी तपासायच्या: क्रम लावताना कुठे अदलाबदल झाली का, आणि रेषा काढताना कोणी कापूस व सोयाबीनचे आकडे उलट घेतले का. दोन्ही बरोबर असतील तर रेषा बाहेरच फुगेल. शेवटी भागाकारांशेजारी मुरुमाची खोली लिहिलेला रकाना ठेवायचा आणि खोली कमी होईल तसा भागाकार वाढतो का, ते वावरागणिक पडताळायचे.